आरोग्य शिबिराच्या सामानाची यादी, टेबलवार (औसा तालुका, २०० माणसं). चुका काढा

माळरान
नमस्कार मंडळी. आमच्या गावात एप्रिलच्या शेवटच्या रविवारी फुकट आरोग्य शिबिर घ्यायचं चाललंय, जिल्हा परिषदेच्या शाळेत, सकाळी ९ ते ३. एप्रिल का विचाराल, तर दिवाळीत घेतलं की अर्धं गाव कारखान्यावर ऊसतोडीला गेलेलं असतं, ती माणसं गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात आणि खरी गरज त्यांनाच आहे. आम्ही १४ पोरंपोरी, दोन डॉक्टर ओळखीचे आहेत, २०० माणसं धरलीत. मी टेबलवार यादी केलीय, बघा अन् सांगा काय राहिलं.

नोंदणी: दोन टेबलं, वह्या, पेनं, टोकन. वजन-बीपी: वजनकाटा, भिंतीला लावायची उंचीची पट्टी, २ डिजिटल बीपी मशीन. शुगर-एचबी: २ ग्लुकोमीटर, २०० स्ट्रिपा, टोचायचं पेन एक, २०० सुया, कापूस, स्पिरिट, ग्लोव्हजचा एक बॉक्स. डोळे: तक्ता, टॉर्च. डॉक्टर: दोन टेबलं, पडदा, स्टेथो त्यांचे ते आणतील. औषधं: जे मिळेल ते, एमआर लोकांकडून सॅम्पल गोळा करायलोत.

शुगर करायची म्हणून आदल्या रात्री भोंग्यावर सांगणार आहोत की सगळ्यांनी उपाशी पोटी या.

औषधवाला
चांगलं काम आहे भाऊ. यादी बरोबर आहे, थोडं माझ्याकडून. माझं मेडिकल आहे १२ वर्षं. स्ट्रिपा अन् मशीन एकाच कंपनीचं घ्या, दुसरीची स्ट्रिप बसत नाही अन् बसली तरी आकडा धरू नका. पेन एकच पुरतंय, दर पेशंटला आतली सुई बदलायची, झालं. आणि स्पिरिट जास्त घ्या, उडून जातंय उन्हाळ्यात. सॅम्पलला काही हरकत नाही, फुकटात मिळायलंय तर सोडू नका.

खुरपं
दादा तुमच्या शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल का? आमच्या बाबांचा डावा डोळा पूर्ण पांढरा झालाय, निलंग्याकडून यायचं म्हणलं तर येतो आम्ही. चष्मा पण लागंल बहुतेक.

सिस्टर_गोदाकाठ
माळरान, तू विचारलंस ते बरं झालं, कारण तुझ्या यादीत टेबलं आहेत पण माणूस नाही. म्हणजे असं, की एक माणूस दारातून आत आला आणि औषध घेऊन बाहेर पडला तोवर त्याच्यामागे काय काय खर्ची पडतं हे मोजलं की यादी आपोआप होते. मी नांदेडकडच्या ग्रामीण रुग्णालयात २० वर्षं काढलीत, शिबिरं मोजायची सोडून दिलीत आता.

आधी दोन गोष्टी ज्या यादीत नाहीत पण यादी मोडतात.

पहिली, उपाशी या हे सांगू नको. उपाशी शुगर म्हणजे आठ तास पोटात काही नाही अशी, आणि तुझा माणूस सकाळी ७ ला घरून निघणार, टोकन नंबर १४०, त्याचा नंबर येईपर्यंत एक वाजणार, एप्रिलचं ऊन. आमच्या एका शिबिरात पासष्टीचे एक आजोबा सकाळी शुगरची गोळी घेऊन आले, उपाशीच, कारण भोंग्यावर तसंच सांगितलं होतं. साडेअकराला रांगेत घाम फुटला, काहीतरीच बडबडायला लागले, पोरांना वाटलं ऊन लागलं म्हणून डोक्यावर पाणी ओतायला लागली. कुणीतरी मशीन लावली तर ४८. शुद्धीत होते, गिळत होते म्हणून चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, १५ मिनिटांनी परत बघितलं तर ७९, मग भात खायला घातला. शुद्ध गेलेली असती तर तोंडात काही घालता आलं नसतं, सरळ गाडीत घालून न्यावं लागलं असतं. तर भोंग्यावर सांगायचं ते असं, की जेवून या, रोजच्या गोळ्या रोजच्यासारख्या घ्या, आणि गोळ्यांची पाकिटं अन् जुने कागद सोबत आणा. आपण कधीही केलेली शुगर करतो, १४० च्या वर निघाला तो पुढच्या तपासणीला जाईल, इथं आजार ठरवायचा नसतो.

दुसरी, २०० हा आकडा. डॉक्टरला एका माणसाला चार मिनिटं धर. २०० गुणिले ४ म्हणजे ८०० मिनिटं. तुझ्याकडे ९ ते ३ म्हणजे ३६० मिनिटं, दोन डॉक्टर म्हणजे ७२०, त्यात चहा नाही, उशीर नाही, कुणी रडत बसलं तर नाही. एकतर तिसरा डॉक्टर बघ नाहीतर १५० टोकनं काढ. टोकन ठरलं की मग सामान ठरतं, उलटं करू नये.

बाकी रात्री लिहिते, ड्युटीला चाललेय.

माळरान
ताई हे आधी कुणी सांगितलंच नाही. उपाशीचं तर पोस्टर छापून पण झालंय 😬 त्यावर कागद चिकटवतो. तिसऱ्या डॉक्टरला फोन लावलाय, हो म्हणायलेत पण दुपारी १२ नंतर. रात्री वाट बघतो.

औषधवाला
चार मिनिटं कुठं लागतात हो, ओपीडीत एक मिनिटात होतंय. तसं ताईंचं जेवून यायचं बरोबर आहे.

किनवट_कट्टा
आम्ही तिकडं तांड्यांवर वर्षाला तीन-चार शिबिरं करतो, मी डॉक्टर नाही, सामान वाहणारा हमाल म्हणा. दोन किस्से सांगतो शुगरच्या टेबलचे, कारण तिथंच सगळ्यात जास्त पैसा जातो अन् तिथंच सगळ्यात जास्त घोळ होतो.

पहिला. एका ताईंना मशीनवर `HI` आलं. आमचा पोरगा नवीन, त्याला वाटलं मशीन नमस्कार करायलीय, बॅटरी काढून घातली, परत `HI`, मग त्यानं कार्डावर "मशीन बिघडली" लिहून पुढं पाठवलं. डॉक्टरांनी बघितलं अन् उठूनच उभे राहिले. `HI` म्हणजे मशीनला मोजता येईना इतकी शुगर, आमच्या मशीनला ६०० च्या वर. त्या बाईला तसंच जीपमध्ये घालून नेलं. तेव्हापासून टेबलवर खडूनं लिहून ठेवतो, `HI` अन् `Lo` आलं की हात धुऊन परत एकदा, तेच आलं की रांग सोडून थेट डॉक्टर.

दुसरा किस्सा महागाचा. मे महिना होता. ५० स्ट्रिपांची दुसरी डबी फोडली, पोरीनं झाकण न लावता कूलरपुढं ठेवली कारण दर वेळेस उघडझाक कोण करतंय. अर्ध्या तासानं सगळ्यांची शुगर १८०, २०० यायला लागली. आम्ही म्हणतोय अरे बापरे तांडा आहे की साखर कारखाना. मग एका पोरानं स्वतःची करून बघितली तर १९० च्या पुढं, त्याला काही नव्हतं. नवीन डबीतली स्ट्रिप लावली तर १०४. तोवर त्या डबीतून ३८ माणसं झाली होती अन् त्यातली कोणती ३८ हे आम्हाला माहीत नव्हतं!! वेळ लिहिली नव्हती, डबी लिहिली नव्हती. शेवटी अंदाजानं साठ जणांना फोन केले, निम्म्यांचे लागले नाहीत.

आता आम्ही प्रत्येक डबीवर मार्करनं अ, ब, क लिहितो अन् पेशंटच्या कार्डावर शुगरच्या आकड्यापुढं तेच अक्षर. फुकटात होतं ते. १४२ ब. बस.

सिस्टर_गोदाकाठ
किनवटच्या भाऊंनी माझं अर्धं काम केलं. हे अक्षराचं मी पण उचलणार.

आता पेनबद्दल, औषधवाले भाऊ राग मानू नका पण हे चुकीचं आहे. पेन घरी एका माणसानं वापरायला असतं. सुई बदलली तरी पेनच्या टोकाला, जे बोटाला टेकतं, तिथं रक्ताचा बारीक डाग राहतो, डोळ्याला दिसत नाही, आणि काविळीचा बी विषाणू तेवढ्यातून जातो, वाळलेल्या रक्तात पण तो दिवसच्या दिवस तग धरतो. शिबिरात फक्त ती एकदाच वापरायची लॅन्सेट घ्यायची, टोचली की सुई आपोआप आत जाते अन् परत बाहेर येतच नाही. १०० चा बॉक्स मिळतो, दोन घे. तिच्यामुळं कचऱ्यात हात गेला तरी टोचत नाही, हा दुसरा फायदा.

शुगर सगळ्या २०० जणांची करू नको, ३० च्या वरच्यांची कर, ज्याला आधीपासून आहे त्याची पण कर. पोरंसोरं अन् तरणी माणसं वगळली की १४० च्या आसपास राहतील. १४० मध्ये रक्त कमी पडलं, स्ट्रिप वाया गेली, परत करावी लागली अशा २० मिळव, अन् सकाळी अन् जेवणानंतर दोन्ही मशिनी तपासायला चार. १६४ झाल्या, म्हणजे ५० च्या चार डब्या. चौथी सीलबंद ठेव, दुकानदाराशी आधीच बोलून घे की न फोडलेली परत घेणार का.

मशीन तपासायचं म्हणजे कंट्रोल सोल्युशन नावाची एक छोटी बाटली येते, बऱ्याचदा बॉक्समध्ये नसते, वेगळी मागवावी लागते आणि मेडिकलवाला म्हणतो कुणी मागतच नाही. आठ-दहा दिवस आधी सांग. रक्ताच्या जागी तिचा थेंब लावायचा, आकडा स्ट्रिपच्या डबीवर छापलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये आला की मशीन अन् डबी दोन्ही ठीक. प्रत्येक नवीन डबी फोडली की एक थेंब. किनवटच्या भाऊंची ३८ माणसं त्या एका थेंबानं मात्र वाचली नसती, कारण फोडताना डबी चांगलीच होती, नंतर बिघडली. त्याला इलाज एकच, झाकण.

आणि उष्णता. स्ट्रिपा ३० डिग्रीच्या आत ठेवायला सांगतात, डबीवर लिहिलेलं असतं. लातूरकडं एप्रिलमध्ये उभ्या गाडीत किती होतं तुलाच माहीत. डिकीत, डॅशबोर्डवर ठेवायच्या नाहीत, थर्माकोलच्या डब्यात न्यायच्या, बर्फाची बाटली टाकलीस तर टॉवेलात गुंडाळून अन् स्ट्रिपांना न चिकटवता, कारण गार डबी एकदम उघडली की आतून ओल धरते. मशीन पण तापली की आकड्याच्या जागी तापमानाचं चिन्ह दाखवते, सावलीत दहा मिनिटं ठेवली की नीट होते, घाबरून नवीन आणायला पळू नको.

औषधवाला
पेनचं मान्य ताई. आमच्या इथं गिऱ्हाईक एकटाच असतो म्हणून डोक्यात तेच. पण कंट्रोल सोल्युशनचं खरंच कुणी मागत नाही, १२ वर्षांत दोनदा मागवलं असंल.

माळरान
स्पिरिटचं काय? एक लिटर घेऊ का?

सिस्टर_गोदाकाठ
स्पिरिट थोडं, पाणी जास्त. बोट स्पिरिटनं पुसलं अन् वाळायच्या आत टोचलं की थेंब पातळ होतो, पसरतो, आकडा चुकतो. आणि हाताला गूळ, पेढा, केळं, चहाची साखर लागलेली असली तर स्पिरिटचा बोळा ती नीट काढत नाही, शुगर ३०० दाखवते. शिबिरात चहा-बिस्किटं वाटतातच, म्हणजे हे होणारच. तर शुगरच्या टेबलच्या आधी हात धुवायची जागा कर. एका माणसाला अर्धा-पाऊण लिटर धरलं तर १४० माणसांना १०० लिटर. शाळेत नळाला पाणी येतं का ते बघ, नसलं तर २०० लिटरचा तोटीवाला ड्रम, खाली टोपलं, साबणाच्या चार वड्या. पुसायला एकच टॉवेल ठेवू नको, उन्हात हात झटकला की मिनिटात वाळतो.

ग्लोव्हज एक बॉक्स म्हणजे ५० जोड, त्यात तुझी ५० माणसं होतात. दर माणसाला जोडी बदलायची तर तीन बॉक्स लागतील. पैसे वाचवायचे असतील तर टोचणारा एक अन् लिहिणारा एक असं कर, लिहिणाऱ्याला ग्लोव्हज लागत नाहीत, आणि टोचणाऱ्यानं ग्लोव्हज घालून पेन, मोबाईल, कार्ड काही धरायचं नाही. मशीनवर रक्त लागलं की तिथल्या तिथं पुसायचं.

पांढरीची_पोर
मला बीपीच्या टेबलबद्दल सांगायचंय. मी गेल्या वर्षी शेजारच्या गावात बीपीला बसले होते, दिवसभर एकच पट्टा. आमच्याकडच्या बायका ब्लाऊजची बाही वर सरकवतात, ती दंडाला इतकी आवळते की पट्टा लावायलाच जागा राहत नाही, मग कोपरावर लावला जातो. शेवटी एका वर्गात साडी लावून आडोसा केला, बाही सैल करायला. तुमच्या यादीत आडोसा फक्त डॉक्टरला आहे, बीपीला पण हवा.

आणि मोठा पट्टा. मशीनसोबत येतो तो साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर दंडाला. त्याच्यापेक्षा जाड दंडाला तोच ओढूनताणून लावला की बीपी उगीच जास्त येतो. आमच्याकडं पाटलीणबाईंना १६८ आला होता, मोठा पट्टा दुसऱ्या शिबिरातून आणून लावला तर १४४. कापडी मोजपट्टी ठेवा, दंड मोजायला १० सेकंद लागतात.

सिस्टर_गोदाकाठ
शाबास पोरी. त्यात एवढंच घाल, की बसायला पाठ टेकायची खुर्ची, बाक नको, हात टेबलवर छातीच्या पातळीला, पाय जमिनीला, अन् आधी पाच मिनिटं गप्प. म्हणजे बीपीच्या टेबलमागं दहा खुर्च्या हव्यात ज्यात माणसं नुसती बसलेली असतील. खुर्च्या हे पण सामानच आहे. एका माणसाला दोनदा मोजायचं म्हणजे तीन मिनिटं, २०० माणसं ६०० मिनिटं, दोन मशिनींवर ३०० म्हणजे वेळेत बसतं, पण एक बंद पडली तर नाही. तिसरी मशीन अन् प्रत्येकीचे जास्तीचे चार सेल. १४०/९० च्या वर आला त्याला पाच मिनिटांनी परत.

बिनचष्म्याचा
डोळ्याच्या टेबलवर कुणी बोलेना म्हणून. तक्ता ६ मीटरवर लागतो, दर वेळेस पोरं पावलं मोजतात अन् साडेचार मीटरवर उभं करतात, सगळ्यांची नजर चांगली निघते. सहा मीटरची सुतळी कापून न्या, दोन्ही टोकांना गाठ. अक्षरं न येणाऱ्यांसाठी उलटसुलट ई चा तक्ता घ्या, बोटांनी दिशा दाखवायची. तक्ता खिडकीसमोर नको, खिडकीकडं पाठ असलेल्या माणसापुढं हवा. चाळिशीचे चष्मे +१ ते +३ पर्यंत मिळतात, ५० आणलेत तर सगळे जातील, जाताना प्रत्येकाला सुईत दोरा ओवून दाखवायला सांगा.

खुरपं
म्हणजे मोतीबिंदू होणार नाही ना इथं?

बिनचष्म्याचा
नाही हो भाऊ, शाळेत ऑपरेशन कोण करणार. बाबांना जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, मोतीबिंदू तिथं फुकट होतो. शिबिराची वाट बघू नका.

किनवट_कट्टा
सॅम्पलबद्दल मी बोलतो आता. आम्ही पहिल्या वर्षी पोतंभर जमा केली. झालं काय, एकाच दुखण्याच्या गोळीची ११ नावं, कुठं ४ गोळ्या कुठं ६, तीन महिन्यांपूर्वी मुदत गेलेल्या निघाल्या, अन् एका बाईला दोन वेगळ्या पाकिटांतून एकच औषध दोनदा गेलं. आता आम्ही एकही सॅम्पल घेत नाही. डॉक्टरांना आधी विचारायचं तुम्ही काय काय लिहिणार, १५-२० नावं, त्यापलीकडं लिहायचं नाही म्हणून हात जोडायचे. २०० माणसांत ८० जणांना तरी अंगदुखी-तापाची साधी गोळी जाते, दिवसाला दोन, पाच दिवस, म्हणजे ८०० गोळ्या पॅरासिटामॉल. ओआरएस, लोहाच्या गोळ्या, जंताची अल्बेंडाझोल, अ‍ॅसिडिटीची, खाजेची सेट्रिझिन, मलम. कागदी पाकिटं ६०० घ्या, त्यावर सूर्य, भर दुपार अन् चंद्र असा शिक्का मारून न्या, वाचता न येणाऱ्यांना तेवढं कळतं. लोहाच्या गोळीसोबत शौचाला काळी होईल हे तोंडानं सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्या गोळ्या उकिरड्यावर.

बाभूळबन
मी डॉक्टर आहे, लातूर बाजूलाच. थोडक्यात. दुखण्याच्या जोरदार गोळ्या खोक्याच्या तळाला ठेवा, माझ्या हातालासुद्धा सहज लागू देऊ नका, बीपीवाल्या अन् किडनीच्या म्हाताऱ्यांना त्या फुकट वाटणं धोक्याचं आहे आणि गर्दीत आम्ही विचारायचं विसरतो. बीपीची गोळी पाच दिवसांची देऊन पाठवू नये, सहाव्या दिवशी काय? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावाची चिठ्ठी द्या, तिथं कायमची मिळते. चिठ्ठीचं पॅड कार्बनचं, दोन प्रती, एक आशाताईंकडं. औषधाच्या टेबलवर फार्मासिस्ट बसवा, पोरं नकोत.

आणि एचबी काढून टाका यादीतून. त्या स्ट्रिपा महाग, थेंब पिळून काढला की आकडा चुकतो, १४० लोकांचं एचबी करून करणार काय.

पांढरीची_पोर
सर, आमच्याकडं बायका शिबिराला येतात त्याच "रक्त किती आहे" बघायला. ऊसतोडीवरून आलेल्या बायकांचं ७, ८ निघालेलं मी बघितलंय. ते टेबल नसलं तर त्या घरीच राहतील.

बाभूळबन
मान्य आहे की येतात. पण चुकीचा आकडा हातात देऊन पाठवण्यापेक्षा डोळ्याची पापणी अन् जीभ बघून प्रयोगशाळेकडं चिठ्ठी दिलेली बरी, असं माझं मत. रक्त फार कमी असलं तर ग्लुकोमीटर शुगर पण थोडी जास्त दाखवतो, हेही लक्षात ठेवा.

सिस्टर_गोदाकाठ
सर, मी दोघांच्या मध्ये आहे. सगळ्यांचं नको, पण गरोदर अन् तरुण बायकांचं करावं, ५० पुरतील. पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा, पिळायचं नाही. तुम्ही अन् मी समोर बसलो तरी हे मिटायचं नाही 😀

कचऱ्याचं राहिलं. लॅन्सेट पांढऱ्या, आरपार न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल. शिबिराला पण २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागतात, शाळेमागं खड्डा करून जाळायचं नाही, सोमवारी तिथं पोरं खेळतात. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाशी आधी बोलून ठेव की संध्याकाळी पिशव्या घेऊन येतो, आयत्या वेळी दारात गेलास तर कुणी घेणार नाही.

औषधवाला
शुगरची स्ट्रिप मग लाल की पिवळी? प्लास्टिक आहे पण रक्त पण आहे.

सिस्टर_गोदाकाठ
आमच्याकडं पिवळ्यात टाकतात, दुसरीकडं लाल बघितलंय. ज्यांच्याकडं कचरा देणार त्यांनाच विचारा.

माळरान
मंडळी, शिबिर झालं काल. सगळ्यांचे आभार नंतर मानतो, आधी हिशोब, पुढच्याला उपयोगी पडंल.

टोकनं १७० काढली, १८३ आले, १३ जणांना परत पाठवायची हिंमत झाली नाही. प्रत्येक टेबलची वेगळी पत्र्याची पेटी केली, झाकणाच्या आतून यादी चिकटवली, त्यात "नेलं" अन् "आणलं" असे दोन रकाने. नोंदणीत मोबाईल नंबरसोबत "नसला तर कुणाच्या घरी निरोप द्यायचा" हा रकाना घातला, ४१ जणांचा तोच भरला गेला.

शुगर १२६ जणांची झाली. स्ट्रिपा गेल्या १४९, म्हणजे तीन डब्यांत एकच उरली, चौथी दुकानदारानं परत घेतली. वाया गेलेल्यातल्या नऊ तर पहिल्या अर्ध्या तासातच, पोरगं थेंब स्ट्रिपवर वरून सोडायलं होतं, ती कडेनं ओढून घेते हे त्याला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी पोरांनी एकमेकांवर सराव केला असता तर वाचल्या असत्या. कंट्रोल सोल्युशन लातूरहून मागवलं, सहा दिवस लागले. दुपारी अडीचला एक मशीन तापली, खिडकीजवळ होती, आत सरकवली.

एका मामांची ३१२ आली. हात धुऊन आले होते, पण धुतल्यावर बाहेर पोरानं दिलेला पेढा खाल्ला होता, त्याच हातानं. परत धुऊन १३६. पुढच्या वेळेला पेढे औषधाच्या टेबलनंतर.

ड्रमचं पाणी १२ वाजताच संपलं. १०० लिटर हिशोबात धरलं होतं पण माणसं तोंड धुवायला, बाटल्या भरायला त्यालाच लागली. टँकरवाल्याला फोन केला तर तो किल्लारीला. प्यायच्या पाण्याची वेगळी सोय चार जारांची होती, तेही एकला खलास. आता ३०० लिटर अन् जार दहा धरायचे असं पोरं म्हणायलेत, मला तर ते पण कमी वाटतंय, तुम्ही किती धरता?

किनवट_कट्टा
उन्हाळ्यात प्यायला माणशी तीन लिटर. अन् ड्रमवर मोठ्यानं लिहा, पिण्याचं पाणी नाही. लिहूनही पितातच. एचबीचं काय केलं शेवटी?

माळरान
५० चं घेतलं होतं, ४६ झाल्या. त्यातल्या आठ जणींचं ८ च्या खाली आलं. बाभूळबन सर, त्या आठही जणींना प्रयोगशाळेची चिठ्ठी दिलीय, आकडे जुळतात की नाही ते आठवड्यात टाकतो इथं.